वर्गाबाहेर उभं करण्याआधी एक आठवडा नोंद करा

वर्गात सतत गोंधळ घालणाऱ्या मुलाला बाहेर उभं केलं की पुढची दहा मिनिटं वर्ग शांत राहतो. ही शांतता शिक्षकाला मिळते हे खरं, पण बाहेर उभ्या राहिलेल्या मुलालाही त्यातून काहीतरी मिळालेलं असतं आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ज्या मुलाला वाचनाची पाळी नको होती त्याची पाळी टळलेली असते. उद्या ती टाळायची असेल तर काय करायचं, हेही त्याला आपणच शिकवलेलं असतं.

अशा मुलासाठी आखायच्या वर्तन आराखड्याचा हा लेख आहे. मुलाचं नेमकं काय होतं, ते कशाने सुरू होतं, त्यातून त्याला काय मिळतं, तेच मिळवायचा दुसरा चालण्याजोगा मार्ग कोणता आणि हे सगळं खरंच घडतंय का हे रोज कसं तपासायचं, एवढं या आराखड्यात असतं. समजायला सोपं जावं म्हणून पैठण तालुक्यातल्या बिडकीनसारख्या गावातला सहावीचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवू. गाव पैठण रस्त्यावरचं. एका बाजूला चितेगावच्या कंपन्या, दुसरीकडे ऑरिकचं औद्योगिक क्षेत्र, आणि मध्ये कापसाची, तुरीची, उसाची शेती. पटावर अडतीस मुलं. कुणाचे वडील पाळीवर कंपनीत, कुणाची आई मजुरीला, एखाद्या घरात हिंदीच बोलतात, एखादं घर हंगामात ऊसतोडीला जातं. या वर्गातल्या मुलाला आपण आकाश म्हणू. आकाश आणि त्याच्याबद्दलचे आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत, पण असा मुलगा कोणत्याही शिक्षकाला अनोळखी वाटणार नाही.

‘उद्धट’ हा शब्द नोंदीत चालत नाही

आकाशबद्दल शिक्षक-खोलीत विचारलं तर ‘वर्ग चालू देत नाही’, ‘उद्धट आहे’, ‘घरी वळण नाही’ अशी उत्तरं मिळतील. यातलं काहीच मोजता येत नाही. दोन शिक्षकांनी एकाच तासाला बसून पाहिलं तरी दोघांची ‘उद्धटपणा’ची संख्या वेगळी येईल. म्हणून आधी वर्तन डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल अशा शब्दांत लिहायचं. आकाशसाठी ते असं: बाक वाजवणं, न विचारता मोठ्याने बोलणं किंवा आवाज काढणं, जागा सोडून दुसऱ्याची वस्तू ओढणं, आणि यांपैकी कशामुळे तरी शिक्षकाला शिकवणं थांबवावं लागणं. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. पेन्सिल हळूच आपटणं, खिडकीबाहेर पाहणं, अर्धवट बसणं हे सगळं मोजायला गेलात तर दोन दिवसांत वही बंद पडेल. ‘मला थांबावं लागलं’ हा निकष ठेवला की मोजणं सोपं होतं.

शिकवता शिकवता लिहायला वेळ नसतो, ही तक्रार रास्त आहे. त्यावर जुना उपाय चिंचोक्यांचा. सकाळी उजव्या खिशात पंधरा-वीस चिंचोके ठेवायचे. थांबावं लागलं की एक डाव्या खिशात टाकायचा. तास संपला की डाव्या खिशातले मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा. साडीला खिसा नसतो, तेव्हा टेबलाच्या कडेला दोन डब्या ठेवल्या तरी चालतं.

मात्र नुसत्या संख्येवरून कारण कळत नाही. त्यासाठी तीन रकान्यांची नोंद लागते: आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. सिडनी बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये बालवर्तनाच्या अभ्यासासाठी ही पद्धत मांडली आणि आजही जगभरच्या शाळांत वर्तनाचा अभ्यास इथूनच सुरू होतो. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी करायची सवय शिक्षकांना आहे. फरक एवढाच की तिथे आपण मुलाबद्दल लिहितो आणि इथे मुलाच्या आगेमागे काय होतं ते लिहायचं. प्रत्येक वेळी लिहिणं जमणार नाही. दिवसातून जमतील तेवढ्या, पण तास संपताच पाच मिनिटांच्या आत केलेल्या नोंदी पुरतात. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत आपलाच राग जास्त उतरतो.

आकाशच्या वहीतल्या काही नोंदी अशा:

मंगळवार, मराठी. आधी: ओळीने प्रकट वाचन, आकाशच्या आधी दोन मुलं. केलं: बाक वाजवला, पुढच्याची टोपी ओढली. नंतर: दाराशी उभा केला, पाळी पुढच्या मुलीकडे गेली.

मंगळवार, इतिहास. आधी: फळ्यावरची प्रश्नोत्तरं उतरवून घेणं. केलं: ‘सर, पेन संपला’ असं तीनदा ओरडला, मग उठून फिरला. नंतर: रागावलो, बाहेर पाठवला, लेखन राहिलं.

शुक्रवार, हिंदी. आधी: वाचायला नाव घेतलं. केलं: विचित्र आवाजात पहिला शब्द म्हणाला, वर्ग हसला. नंतर: ‘बस खाली’ म्हटलं, दुसऱ्याला उठवलं.

सहा दिवसांची वही काय सांगते

सोमवार ते शनिवार मिळून शिकवणं सव्वीस वेळा थांबलं. मराठीत दहा, इतिहासात सहा, हिंदीत पाच, विज्ञानात तीन, गणितात एक, इंग्रजीत एक. या सव्वीसपैकी बारा वेळा आकाशची वाचनाची पाळी आलेली किंवा येऊ घातलेली होती आणि सात वेळा फळ्यावरून लांबलचक उतरवून घ्यायचं होतं. म्हणजे एकोणीस वेळा वाचन-लेखनाचं काम समोर होतं. या एकोणीस वेळांनंतर काय झालं ते पाहिलं तर अकरा वेळा त्याला वर्गाबाहेर किंवा दाराशी पाठवलं, सहा वेळा पाळी दुसऱ्याकडे गेली, आणि फक्त दोन वेळा ओरडा खाऊनही ते काम त्याला करावं लागलं. एकोणिसातून सतरा वेळा काम टळलं. इतकं खात्रीने काम करणारं हत्यार कोणता मुलगा सोडेल?

इंग्रजीच्या एकुलत्या आकड्याकडे विशेष पाहा. इंग्रजी तर आकाशला मराठीहून अवघड, मग तिथे गोंधळ का नाही? कारण त्या तासाला मॅडम आधी सगळ्यांकडून एकसुरात म्हणवून घेतात आणि मग दोघा-दोघांना वाचायला सांगतात. तिथे एकट्याने चुकायची वेळच येत नाही. ज्या तासाला मूल शांत असतं त्या तासाची नोंद बहुतेक जण करत नाहीत, आणि आराखड्यातली निम्मी उत्तरं तिथेच पडलेली असतात.

दिवसांचाही एक धागा आहे. सोमवारी तीन, मंगळवारी सात, बुधवारी चार, गुरुवारी तीन, शुक्रवारी सात, शनिवारच्या अर्ध्या दिवशी दोन. मंगळवारी आणि शुक्रवारी आकाश परिपाठ संपल्यावर आला होता. विचारल्यावर कळलं, त्या दोन दिवशी आई कापूस वेचायला पहाटे निघाली, धाकट्या बहिणीला आवरून तिला अंगणवाडीत सोडायचं काम याच्याकडे आलं, आणि पोटात मधल्या सुट्टीच्या खिचडीपर्यंत काही नव्हतं. उपाशीपोटामुळे तो बाक वाजवत नाही. पण एरवी कशीबशी झेपणारी वाचनाची पाळी त्या दिवशी अजिबात झेपत नाही. म्हणून ठिणग्या दोन प्रकारच्या धरायच्या: समोरची, जी गोंधळाच्या मिनिटभर आधी घडते, आणि मागची, जी सकाळी किंवा आदल्या रात्री घडून गेलेली असते. समोरची ठिणगी वर्गात बदलता येते. मागची बहुतेक वेळा बदलता येत नाही, पण ती घडल्याचं दारातच कळलं तर त्या दिवसाचं काम हलकं करता येतं. शाळेत बिस्किटाचा पुडा ठेवणं हा काही शिक्षणशास्त्रीय उपाय नाही, तरी तो चालतो.

हाच गोंधळ दुसऱ्या मुलाच्या बाबतीत वेगळ्या कारणाने होऊ शकतो. शिक्षक दुसऱ्या गटाकडे वळले की बाक वाजतो आणि शिक्षकांनी वळून पाहिलं, नाव घेतलं, चार शब्द रागाचे का होईना बोलले की थांबतो, असं नोंदीत दिसलं तर त्या मुलाला लक्ष हवं आहे. त्याच्यासाठी आराखडा जवळजवळ उलटा होईल: तो नीट बसलेला असताना दर पाच-सात मिनिटांनी त्याच्याजवळून जायचं, वहीवर बोट ठेवायचं, आणि बाक वाजला तर तिकडे न पाहता शिकवत राहायचं. आकाशकडे असंच दुर्लक्ष केलं तर काही होणार नाही, कारण त्याला शिक्षकांचं लक्ष नकोच आहे. शेजारच्या शाळेत लागू पडलेला उपाय आपल्या वर्गात फसतो, त्याचं कारण बहुधा एवढंच असतं.

अंदाज तपासून घ्या

वहीवरून निघालेला निष्कर्ष अजून अंदाजच आहे. तो पडताळायला चार दिवस पुरतात. सोमवारी आणि बुधवारी परिपाठानंतर आकाशला सांगायचं, ‘मराठीच्या तासाला तू या तीन ओळी वाचायच्या. आत्ता शेजाऱ्याबरोबर एकदा वाचून घे.’ मंगळवारी आणि गुरुवारी नेहमीसारखं चालू द्यायचं. समजा, पूर्वतयारीच्या दोन दिवशी मराठीच्या तासात शिकवणं शून्य आणि एक वेळा थांबलं, आणि बिनतयारीच्या दिवशी तीन आणि दोन वेळा. मग अंदाज बरोबर आहे असं मानून पुढे जायला हरकत नाही. चारही दिवस सारखेच गेले तर वहीकडे परत जायचं. आराखडा चुकीच्या कारणावर बांधून महिनाभर ओढण्यापेक्षा हे चार दिवस स्वस्त पडतात.

याच आठवड्यात त्याला एकट्याला बसवून वाचून घ्यायला सांगा, आधी सहावीचा उतारा, मग दुसरीचा. आकाश दुसरीचा उतारा अडखळत वाचतो, जोडाक्षर आलं की थांबतो, आणि सहावीच्या परिच्छेदात दर तिसऱ्या शब्दाला अंदाज मारतो. इथे गोंधळाचं मूळ दिसलं. आता पुढे जे काही करू ते वर्ग चालावा म्हणून. मुलगा वाचायला शिकावा म्हणून रोज पंधरा-वीस मिनिटं त्याच्या पातळीचं वाचन घ्यावंच लागेल. हे नसलेला वर्तन आराखडा फार तर मुलाला गप्प न वाचणारा बनवेल.

डोळे आणि कान मात्र सगळ्याच्या आधी. फळ्यावरून उतरवताना गोंधळ घालणाऱ्या मुलाला फळाच दिसत नसेल तर वरची सगळी मांडणी कोसळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांना हा मुलगा नाव घेऊन दाखवा. तोवर शेवटच्या बाकावरून फळ्यावरचे पाच शब्द वाचून घ्या.

बदली वर्तन: तेच मिळवायचा सोपा मार्ग

आकाशला हवी आहे सुटका. ती त्याला गोंधळाने मिळते. आपण गोंधळाची वाट बंद केली आणि दुसरी उघडली नाही, तर तो तिसरी शोधेल, आणि ती बहुधा शाळेला दांडी मारण्याची असेल. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ मध्ये हे काही मुलांबरोबर दाखवून दिलं: अवघड काम समोर आल्यावर त्रास देणाऱ्या मुलाला मदत मागायचं साधं वाक्य शिकवलं आणि मागितल्यावर मदत खरंच दिली, तर त्रास देणं कमी होतं. चुकीचं वाक्य शिकवलं, म्हणजे मदत हव्या असलेल्या मुलाला शाबासकी मागायला शिकवलं, तर होत नाही.

आकाशसाठी तळहाताएवढं पिवळ्या पुठ्ठ्याचं कार्ड केलं. त्यावर लिहिलं, ‘मला आधी बघू द्या’. बाकावर ते उभं केलं की शिक्षकांनी त्याची पाळी सोडायची, आणि उतरवून घेण्याचं काम असेल तर त्याला निम्मंच लिहायला द्यायचं. बदली वर्तन निवडताना तीन गोष्टी पाहायच्या असतात. त्यातून तेच मिळतं का? ते बाक वाजवण्यापेक्षा कमी कष्टाचं आहे का? आणि ते तितक्याच लवकर फळतं का? कार्ड उभं करायला एक सेकंद लागतो. शिक्षकांनी दहा सेकंदांत मान डोलावली तर ते बाक वाजवण्यापेक्षा लवकर फळतं. ‘हात वर कर आणि मी बघेपर्यंत थांब’ हे सांगायला छान, पण अडतीस मुलांच्या वर्गात तो हात चार मिनिटं वरच राहील आणि बाक अर्ध्या मिनिटात निकाल देतो.

कार्ड हातात देऊन ‘वापर बरं का’ एवढं सांगणं म्हणजे शिकवणं नव्हे. मधल्या सुट्टीत, पोट भरलेलं असताना, पाच मिनिटं बसून सराव घ्यावा लागतो. शिक्षक खोटंखोटं नाव पुकारतात, आकाश कार्ड उभं करतो, शिक्षक मान डोलावून पुढे जातात. असं आठ-दहा वेळा, तीन-चार दिवस. मग वर्गात पहिल्या आठवड्यात शिक्षकांनी आधीच ओळखायचं. आकाशचा पाय हलायला लागतो, तो मागे वळून पाहतो, पेनाचं टोपण काढ-घाल करतो. ही चिन्हं दिसली की बाकाजवळून जाताना कार्डावर बोटाने टकटक करायची. गोंधळ सुरू झाल्यावर कार्डाची आठवण करून देणं म्हणजे उशीर झाला.

एकट्याच्या बाकावर पिवळं कार्ड दिसलं की वर्ग त्याला नाव ठेवेल. म्हणून ‘आधी बघून मग वाचतो’ म्हणायची मुभा सगळ्या वर्गाला द्यावी आणि ओळीने प्रकट वाचन घ्यायची पद्धतच काही दिवस बाजूला ठेवावी: आधी एकसुरात, मग जोडीने, मग एकेकट्याने. इंग्रजीच्या मॅडमची रीत मराठीला उसनी घेतली तर इतरही पाच-सहा मुलांचा जीव भांड्यात पडतो. ओळीने वाचन हा वाचन शिकवायचा प्रकार आहे असं मला कधीच वाटलं नाही. ती तपासणी आहे, आणि तीही सगळ्यांदेखत.

या टप्प्यावर हमखास एक प्रश्न येतो: ‘मग काय, तो आयुष्यभर कार्ड दाखवून सुटणार?’ नाही, पण पहिला आठवडा हो. पहिल्या आठवड्यात जितक्या वेळा कार्ड, तितक्या वेळा सुटका, एकही नकार नाही. दुसऱ्या आठवड्यात कार्डाने पाळी रद्द होत नाही, दोन मुलांनंतर परत येते, आणि तेव्हा त्याने त्याला येणारी एकच ओळ वाचायची. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला चार कार्डं आणि परत आल्यावर तीन ओळी. मग दोन कार्डं. पुढचा टप्पा तारखेने येत नाही. गोंधळाचा आकडा खाली आला असेल तरच पुढे जायचं, नाहीतर आहे तिथेच थांबायचं.

आणि तरीही त्याने बाक वाजवलाच तर? आवाज न चढवता, भाषण न देता, कार्डाकडे बोट दाखवायचं आणि वाचायची ओळ छोटी करायची. बाहेर पाठवायचं नाही, कारण बाहेर पाठवणं हेच त्याचं बक्षीस होतं. दुसऱ्याला इजा होईल असं काही असेल तर अर्थातच आधी दोघांना वेगळं करायचं. छडी, कान, उठाबशा यांचा विचारच नको. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, सगळ्या वर्गासमोर केलेला अपमानही त्यातच मोडतो. खिचडी किंवा खेळाचा तास काढून घेणंही आराखड्यात कधी लिहू नका.

मुख्याध्यापकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. बाहेर पाठवणं बंद झालं की सुरुवातीचे काही दिवस गोंधळ वाढतो. इतके दिवस हमखास चालणारा उपाय अचानक चालेनासा झाला, म्हणून मूल तो आणखी जोराने करून पाहतं. या दिवसांत कुणी वैतागून पुन्हा बाहेर काढलं तर मूल शिकतं की जास्त जोर लावला की चालतं, आणि आपण सुरुवातीपेक्षा वाईट जागी येतो. वर्गावर बदली शिक्षक येणार असतील तर त्यांना कार्डाबद्दल दोन ओळींची चिठ्ठी हवीच.

रोजची नोंद

रोजच्या नोंदीसाठी पिवळ्या कार्डाखेरीज गुणांचं एक वेगळं कार्ड करायचं. त्यावर सगळे तास घेऊ नका. आकाशचे चार तास घेऊ: मराठी, हिंदी, इतिहास, विज्ञान. प्रत्येक तासाला दोन अपेक्षा, त्याने काय करायचं अशा शब्दांत लिहिलेल्या. पहिली: वाचायची किंवा लिहायची वेळ आली तेव्हा कार्ड दाखवलं किंवा ठरलेलं काम केलं. दुसरी: आपल्या जागेवर राहिला. ‘बडबड करणार नाही’, ‘त्रास देणार नाही’ अशा अपेक्षा लिहिल्या तर झोपलेल्या मुलालाही पूर्ण गुण मिळतात. प्रत्येक अपेक्षेला शून्य, एक किंवा दोन गुण: दोन म्हणजे आपणहून, एक म्हणजे आठवण करून दिल्यावर, शून्य म्हणजे तरीही नाही. दिवसाचे जास्तीत जास्त सोळा.

पहिले तीन दिवस मुलाला न सांगता गुण भरा. आकाशला सहाच्या आसपास मिळतात. मग पहिलं उद्दिष्ट आठ ठेवायचं. बाराने सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत त्याला कळतं की आज जमणार नाही, आणि उरलेले तास त्याचं काही जाणार नसतं. पाचपैकी चार दिवस आठ गाठले की दहा. मिळालेला गुण पुढच्या चुकीसाठी कापायचा नाही. उद्दिष्ट गाठल्याचं बक्षीस छोटं आणि त्याच दिवशी: शाळा सुटल्याची घंटा वाजवायची, खेळाचं साहित्य काढायचं, शेवटची पाच मिनिटं चित्र काढायचं. आठवड्याअखेर मिळणाऱ्या वहीपेक्षा आजची घंटा मोलाची.

सकाळी परिपाठाआधी दोन मिनिटं, संध्याकाळी दोन मिनिटं, आणि दोन्ही वेळा शक्यतो एकच शिक्षक. सकाळचे प्रश्न तीनच: जेवलास का, झोपलास का, आज कोणत्या ओळी? मागची ठिणगी इथेच पकडली जाते. उपाशी आला असेल तर त्या दिवशी एकच ओळ. संध्याकाळी कार्डावरच्या गुणांची बेरीज त्याने स्वतः करायची. भाषण तेव्हाही नको. ‘मराठीत दोन मिळाले, इतिहासात शून्य, उद्या इतिहासात काय करू या?’ एवढं पुरे.

गुणांचं कार्ड घरी पाठवायचं का, हे घर पाहून ठरवा. आधी फोन करा, आणि पहिला फोन तक्रारीचा नको. ‘ताई, आज आकाशने तीन ओळी वाचल्या, म्हणून सांगावंसं वाटलं. सकाळी घरी त्याची फार धावपळ होते का?’ असं बोलणं सुरू झालं की वेचणीचं, बहिणीचं, रात्रपाळीचं सगळं कळतं. पण कमी गुण आले की वडील मारतात असा संशय असेल तर कार्ड शाळेतच ठेवा आणि घरी फक्त चांगला दिवस कळवा.

गुणांच्या कार्डाच्या मागच्या बाजूला एक ओळ शिक्षकांसाठी असावी: आज पिवळं कार्ड किती वेळा दाखवलं आणि किती वेळा मानलं. ही ओळ लिहायला कुणाला आवडत नाही, पण आराखडा फसला की पहिल्यांदा तीच पाहायची. समजा, पहिल्या आठवड्यात आकाशचे गोंधळ सव्वीसवरून एकोणतीसवर गेले. ही वर सांगितलेली वाढ असू शकते. पण मागची ओळ सांगते की दहा वेळा कार्ड उभं राहिलं आणि सहाच वेळा कुणी पाहिलं. म्हणजे दोष आराखड्यात नाही, कार्ड दिसत नाही. त्याला पहिल्या दोन ओळींत बसवलं, कार्ड मानलं जाऊ लागलं, आणि दुसऱ्या आठवड्यात अठरा, तिसऱ्यात बारा असा आकडा उतरला.

हे आकडे चौकटीच्या कागदावर दर शनिवारी एका ठिपक्याने मांडत जा, आलेख पाहायला संगणक लागत नाही. एका वाईट दिवसाने काही बदलायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर आकडा पुन्हा सतरावर गेला तर कार्डांची संख्या वाढवून एक टप्पा मागे जायचं, बहुतेक मुलं आठवड्याभरात पूर्वपदावर येतात. कार्ड नीट मानलं जाऊनही दोन आठवडे आलेख आडवाच राहिला तर कारण चुकलं आहे असं समजून तीन रकान्यांची वही पुन्हा उघडायची.

काही मुलांच्या बाबतीत एवढ्यावर थांबता येत नाही. सहा महिने पातळीनुसार वाचन घेऊनही अक्षरं जुळत नसतील तर समग्र शिक्षा अभियानातल्या विशेष शिक्षकांना, पैठणच्या गटसाधन केंद्रामार्फत, मुलाची वही आणि आलेख दाखवा. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे आणि ती ठरवणं शिक्षकाचं काम नाही. घरी, मैदानात, मामाच्या गावीही मूल क्षणभर स्थिर नसेल, किंवा बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहत राहत असेल, तर छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात दाखवायला पालकांना सांगा. आणि कालपर्यंत ठीक असलेलं मूल एकाएकी बिथरलं, अंगाला हात लावू देईना, घरी जायला घाबरू लागलं, तर आराखडा बाजूला ठेवा आणि १०९८ ला फोन करा. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, खात्री करून घ्यायची वाट पाहायची नाही.

आकाशचं गुणांचं कार्ड बंद कधी करायचं? रोजचे गुण तीन आठवडे बाराच्या वर राहिले की आधी तास कमी करायचे: चाराऐवजी मराठी आणि इतिहास. मग गुण त्यानेच भरायचे आणि शिक्षकांनी फक्त पडताळायचे. दोघांचे आकडे जुळू लागले की रोजच्याऐवजी सोमवारी आणि गुरुवारी. पिवळं कार्ड दप्तरात राहू द्यावं, वापरलं नाही तरी. जूनमध्ये तो सातवीत जाईल तेव्हा नव्या वर्गशिक्षकांना भला मोठा अहवाल देऊ नका, कुणी वाचत नाही. अर्ध्या पानावर पाच ओळी लिहून वर आलेख टाचा: कशाने सुरू होतं, आधी कोणती चिन्हं दिसतात, कार्ड कसं मानायचं, काय केलं तर बिघडतं, आणि सकाळी त्याला कोणते तीन प्रश्न विचारायचे.